कानातली किर्र, चार महिने आणि फोनमधला पाऊस

८ फेब्रुवारी २०२५, शनिवारची रात्र. मी सोमवार ते शुक्रवार घाटकोपरला अकाउंट्सचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देते. त्या रात्री एका हळदीचा व्हिडिओ होता, रविवारी सकाळी द्यायचा होता, घरात सगळे झोपलेले म्हणून इअरफोन लावले. ढोलाच्या ठेक्यावर कट बसवायचा म्हणजे तेच दहा-बारा सेकंद परत परत ऐकावे लागतात, आणि ठोका नेमका कुठे पडतो ते कळावं म्हणून मी आवाज फुल करून ठेवलेला. दहाला बसले ते दोनला उठले. इअरफोन काढले आणि खोली शांत व्हायच्या ऐवजी दोन्ही कानांत किर्रर्र सुरू झालं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफेची जी बारीक सूंऽऽ लागते ना, तसा आवाज, फक्त ती शिट्टी कधी होतच नाही. शिवाय कानांना दडे बसल्यासारखं झालेलं, बाथरूममधलं नळाचं पाणी पण लांबून आल्यासारखं वाटत होतं.

झोपले की जाईल म्हणून झोपले. याआधीही दोनतीनदा गणपती विसर्जनानंतर असं झालेलं आणि सकाळपर्यंत गेलेलं. रविवारी दडे जरा कमी झाले पण किर्र तशीच. सोमवारी सकाळी दडे पूर्ण मोकळे झाले, लोकलच्या गोंगाटात किर्र पण ऐकू येईना, वाटलं सुटले. रात्री लाइट घालवला आणि ती परत हजर, उलट आणखी मोठी वाटली.

नंतर कळलं ते इथेच सांगते. मोठ्या आवाजानंतर कानाला तात्पुरतं कमी ऐकू येणं, दडे बसणं, हे साधारण एक-दोन दिवसांत भरून येतं. पण दडे मोकळे झाले म्हणजे आतलं सगळं पूर्ववत झालं असं नाही. दोन दिवसांनंतरही किर्र राहिली तर थांबू नये, दाखवावं. मी बुधवारपर्यंत थांबले आणि ते चार दिवस मी नुसती नेटवर घाबरवणारं वाचत बसले, त्याचा मला अजून राग येतो.

मधे घरी उपाय सुरू झालेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं लसूण घालून कोमट तेल सोड कानात, आमच्याकडे हेच करायचे." त्यांनी काळजीनेच सांगितलं, मी पण मनातून तयार झालेले, पण यांनी अडवलं, म्हणाले आधी डॉक्टर बघू देत. बरं झालं अडवलं, कारण ही भानगड पडद्याच्या बरीच आत असते, बाहेरून सोडलेलं तेल तिथे पोचतच नाही, आणि पडद्याला भोक वगैरे असेल तर तेल आत जाऊन वेगळाच त्रास होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार. आमचे फॅमिली डॉक्टर, फी ३००. त्यांनी कानात बघितलं, मळ फारसा नाही म्हणाले. मग प्रश्न विचारले, ते मी मुद्दाम नीट लिहिते कारण पुढे काय करायचं ते याच उत्तरांवर ठरतं. आवाज एका कानात की दोन्ही? नाडीच्या ठोक्याबरोबर धक् धक् येतो का? चक्कर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्या कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलंय का, फोन या कानाला लावला की त्या कानाला, फरक वाटतो का? माझं उत्तर दोन्ही कानांत, सलग, चक्कर नाही, फोन दोन्हीकडे सारखा.

म्हणाले मग घाईची गोष्ट नाही, पण ईएनटीला दाखव. मी विचारलं घाईची कुठली असती? त्यांनी समजावलं. एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक पडलं, तर ती इमर्जन्सी धरायची, दडा बसलाय, सर्दी असेल म्हणून घरी बसायचं नाही. त्यात स्टेरॉइड लवकर सुरू करावं लागतं, जितके दिवस जातील तितकी ऐकू परत यायची शक्यता कमी, दोन आठवड्यांनंतर तर फारच. आवाज एकाच कानात टिकून राहिला किंवा दोन कानांच्या ऐकण्यात फरक निघाला तर ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना म्हणून एमआरआय करतात, ती गाठ बहुतेकदा कॅन्सरची नसते पण बघावी लागते. आणि नाडीबरोबर ठोके ऐकू येत असतील तर रक्तवाहिन्या तपासायच्या. इअरफोनमुळे होणारी किर्र बहुतेक वेळा माझ्यासारखी असते, दोन्हीकडे, बारीक, सलग.

१४ फेब्रुवारीला ईएनटी, फी ८००, वेळ साडेसहाची दिलेली, नंबर लागला पावणेआठला. त्यांनी पडदा बघितला, नाक-घसा बघितला, पाच मिनिटांत बाहेर. चिठ्ठीवर दोन टेस्ट, प्युअर टोन ऑडिओमेट्री आणि इंपीडन्स. पहिलीत वेगवेगळ्या पट्टीचे किती हळू आवाज ऐकू येतात ते बघतात, दुसरीत पडदा आणि त्यामागची हाडं नीट हलतात का ते.

आता माझी पहिली ठेच. दुसऱ्याच दिवशी शनिवारी सकाळी घराजवळच्या एका सेंटरमध्ये दोन्ही टेस्ट करून घेतल्या, १,३०० रुपये. टेस्टची खोली म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, बाहेर वेटिंगमध्ये टीव्ही चालू, वरती एसीची घरघर. हेडफोन लावून बसायचं आणि टूऽ ऐकू आलं की बटण दाबायचं. माझी पंचाईत अशी की कानात आपलीच टूऽ चालू, त्यात मशीनची कुठली आणि आपली कुठली तेच कळेना, कधी नुसत्या भासावर बटण दाबलं तर कधी खरा आवाज सोडून दिला. रिपोर्ट आला तो बघून पोटात गोळा आला, दोन्ही कानांत सगळ्याच पट्ट्यांत कमी ऐकू येतं असा. २५० आणि ५०० हर्ट्झला म्हणजे खर्जाच्या आवाजांना पण ३५ डेसिबल. नॉर्मल माणसाचं २५ च्या आत असतं. त्या रात्री मी रडले, यांना म्हटलं मी बहिरी होत चालले आहे.

ईएनटींनी सोमवारी रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाले हे पटत नाही, परत करा, नीट साउंडप्रूफ बूथमध्ये करा. मी सरकारी हॉस्पिटलची ऑडिओलॉजी ओपीडी निवडली कारण खिशातून आधीच बरेच गेलेले. तिथली पद्धत अशी, सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत, आधी त्यांच्या ईएनटी ओपीडीत दाखवायचं, त्यांची चिठ्ठी असेल तरच ऑडिओमेट्रीची तारीख. बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी थेट चालत नाही, पण आधीचा रिपोर्ट जवळ ठेवा, तो बघतात. १९ फेब्रुवारीला गेले, तारीख मिळाली ५ मार्च. सुट्टी टाकावी लागते, अर्ध्या दिवसात होत नाही. (मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच काम करणारी संस्था पण आहे, मला तेव्हा सुचलं नाही.) तारीख देताना तिथल्या मॅडमनी बजावलं, टेस्टच्या आदल्या संध्याकाळपासून कान शांत ठेवा, इअरफोन नाही, बँडबाजा नाही, नाहीतर तात्पुरता थकवा मोजला जाईल. हे पहिल्या सेंटरमध्ये कुणी सांगितलं नव्हतं आणि मी आदल्या रात्री राहिलेलं एडिट पूर्ण केलेलं.

मधले दोन आठवडे सगळ्यात वाईट गेले. झोप तीन-चार तास. शांत खोलीची भीती वाटायला लागली, घरी कुणी नसलं की मी उगाच मिक्सर लावायचे. याच काळात मी ॲप शोधले आणि ते सगळं चुकीचं वापरलं. एक पावसाचं फुकट ॲप घेतलं, तेच इअरफोन कानात घातले आणि किर्र पूर्ण बुडेपर्यंत आवाज वाढवला. बुडाली की हुश्श वाटायचं. अर्ध्या तासाने बंद केलं की किर्र आधीपेक्षा मोठी. मग परत लावायचं, व्हॉल्यूमचं आणखी एक घर वाढवून. म्हणजे ज्याने कान दुखावले तेच मी औषध म्हणून घेत होते. दुसरं, त्या ॲपमधला पाऊस वीसेक सेकंदांचा तुकडा होता, तोच गोल गोल फिरायचा आणि जोडाच्या जागी बारीकसा टक् यायचा. एडिटिंग करणारीचा कान तो टक् सोडतो होय, मी झोपायच्या ऐवजी पुढच्या टक् ची वाट बघत पडायचे. आणि तिसरं, पहाटे पावणेतीनच्या सुमारास फोन ते ॲप आपोआप बंद करायचा, अचानक सन्नाटा, त्या सन्नाट्यात किर्र, आणि मी टक्क जागी.

५ मार्च, बुधवार. जाड दाराचा बूथ, दार लागलं आणि बाहेरचं जग गेलं. आतमध्ये मला माझी किर्र इतकी स्पष्ट ऐकू आली की घशाशी आलं. पण इथल्या मॅडमनी आधीच विचारलं, कानात आवाज आहे ना, मग मी सलग टूऽ देत नाही, तुटक टू-टू-टू देते, तुटक ऐकू आलं तरच बटण दाबा. एवढ्या एका गोष्टीने सगळा गोंधळ संपला, कारण माझी किर्र कधी तुटत नाही. कुणालाही ही टेस्ट करायची असेल तर सुरू करायच्या आधी सांगा की मला आवाज येतो, तुटक टोन द्या.

रिपोर्ट त्यांनी समोर बसवून समजावला. आडव्या रेघेवर पट्टी, डावीकडे खर्ज आणि उजवीकडे चिरके आवाज. उभ्या रेघेवर किती जोरात दिल्यावर ऐकू आलं ते, जितकं खाली तितकं वाईट. माझं २५० पासून २००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कान १० ते १५ वर, म्हणजे उत्तम. ३००० ला २०. ४००० ला उजवा ३५ आणि डावा ३०. मग ६००० ला थोडं वर आणि ८००० ला दोन्ही परत १५. म्हणजे सरळ चाललेल्या रस्त्यात एकच खड्डा, ४००० वर. मॅडम म्हणाल्या हा खड्डा मोठ्या आवाजाची सही आहे, कारखान्यात काम करणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये आयुष्यभर बघतो, आता कॉलेजच्या मुलांमध्ये बघतो. वयाने ऐकू कमी होतं तेव्हा आलेख उजवीकडे घसरत जातो तो परत वर येत नाही, तुझा येतोय.

पहिल्या रिपोर्टचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. पडद्याची टेस्ट दोन्हीकडे नॉर्मल, तरी खर्जाच्या आवाजांना दोन्ही कान सारखेच खाली, याचा अर्थ टीव्ही आणि एसीच्या घरघरीने हळू आवाज झाकले, ही तुझ्या कानाची नाही, खोलीची मोजणी आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये असं दिसलं तर घाबरायच्या आधी टेस्टची खोली आठवून बघा.

मग त्यांनी माझी किर्र मोजली, म्हणजे मशीनवर एक एक आवाज लावून हा तुझ्यासारखा आहे का विचारत गेल्या. पट्टी जुळली ६००० हर्ट्झच्या आसपास. आणि जोर? मला वाटत होतं खूप असणार. तो निघाला माझ्या त्या पट्टीच्या ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा फक्त ७ डेसिबल वर. जेमतेम ऐकू येईल इतका. मी त्यांना दोनदा विचारलं चुकलं तर नाही ना. म्हणाल्या, बहुतेक पेशंटचा एवढाच निघतो, त्रास आवाजाच्या जोराने ठरत नाही, मेंदू त्याला किती मोठा धोका समजतो त्याने ठरतो.

हे असं का होतं ते त्यांनी सांगितलं आणि मला ते माझ्या कामामुळे चटकन कळलं. आतल्या कानात शंखासारख्या नळीत केसासारख्या बारीक पेशी असतात, प्रत्येक भाग ठरावीक पट्टीचा. ४००० च्या जवळच्या पेशी मोठ्या आवाजाने आधी मार खातात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. तिकडून मेंदूकडे येणारा सिग्नल कमी झाला की मेंदू आपला गेन वाढवतो. हळू रेकॉर्ड झालेल्या क्लिपचा गेन मी वाढवते तेव्हा बोलणं मोठं होतंच पण मागची सुस्स पण वर येते, अगदी तसंच. ती सुस्स म्हणजे ही किर्र. बाहेर काही नाही, तरी आवाज खरा आहे, वेड लागलेलं नाही.

एक पंचवीस प्रश्नांचा फॉर्म पण भरून घेतला, झोपेवर परिणाम होतो का, चिडचिड होते का, अशा प्रकारचे, हो-कधीकधी-नाही, आणि त्याचे गुण शंभरपैकी. माझे ५२, म्हणजे मध्यम त्रास. हा कागद जपून ठेवा, सुधारणा मोजायला किर्रपेक्षा हाच उपयोगी पडतो.

औषधाचं विचारलं. ईएनटी सरळ म्हणाले की ही किर्र घालवणारी गोळी नाही. केमिस्टने मला गिंकोच्या गोळ्या दाखवल्या होत्या, महिन्याच्या साडेआठशेच्या, त्या घेऊ नका म्हणाले. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नका असंच आहे, आणि सतत त्रास होणाऱ्यांना सीबीटी म्हणजे विचारांची सवय बदलणारं समुपदेशन सुचवा असं आहे. आवाजाची थेरपी देता येईल, एवढंच मोजकं म्हटलंय. म्हणजे ॲपकडून बरं होण्याची अपेक्षा ठेवायची नाही. ॲप खड्डा भरत नाही, मेंदूला दुर्लक्ष करायची सवय लागेपर्यंत मधला काळ सोपा करतं.

आता ते कसं वापरायचं, कारण खरी गोष्ट इथेच आहे. मॅडमनी माझा फोन घेतला आणि स्वतः लावून दाखवलं. पहिलं, इअरफोन नाही, फोन किंवा छोटा स्पीकर उशीपासून हातभर लांब. दुसरं, आवाज शून्यापासून हळूहळू वाढव. आधी फक्त किर्र ऐकू येईल, मग पाऊस आणि किर्र वेगवेगळे, मग एका जागी दोन्ही एकमेकांत मिसळायला लागतील, पावसात रातकिडा असल्यासारखे. तिथे थांब आणि एक घर खाली ये. किर्र ऐकू आलीच पाहिजे. मी म्हटलं मग उपयोग काय? म्हणाल्या, जी गोष्ट ऐकूच येत नाही तिच्याकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकणार कसा? पूर्ण झाकलं की तात्पुरतं बरं वाटतं पण उघडल्यावर परत पहिल्यापासून. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती डोळ्यात खुपते, संध्याकाळच्या उजेडात तीच खुपत नाही, तेवढाच उजेड करायचा.

आवाज कुठला निवडावा यात माझे आठ-दहा दिवस गेले. सगळे ब्राऊन नॉइज, म्हणजे सलग घुमणारा जाडसर आवाज, छान म्हणतात, मला तो गोड वाटला पण किर्रला हातच लागेना, कारण तो खर्जातला, माझी किर्र चिरकी, आणि फोनच्या स्पीकरमधून खर्ज नीट येत पण नाही. पांढरा नॉइज, म्हणजे स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर, किर्रला भिडायचा पण तोच कर्कश. शेवटी पानांवर पडणारा बारीक पाऊस जमला, त्यात वरच्या पट्ट्या भरपूर असतात. myNoise या ॲपमध्ये प्रत्येक पट्टीला वेगळी सरकपट्टी आहे, मी उजवीकडच्या थोड्या वर केल्या आणि डावीकडच्या खाली, तिथे ते बसलं, आणि त्यात तो जोडाचा टक् पण नाही. ReSound Relief पण महिनाभर वापरलं, त्यात दोन-तीन आवाज मिसळता येतात, मी लाटा आणि वारा घ्यायचे. भावाच्या आयफोनमध्ये वेगळं ॲप लागतच नाही, Settings मधल्या Accessibility मध्ये Background Sounds म्हणून आहे, त्यात पाऊस, ओढा, समुद्र सगळं. गाणी मात्र लावू नका, शब्दांकडे लक्ष जातं आणि मग ते थांबल्यावरही जातं.

फोन ॲप बंद करतो त्यावर उपाय, ॲन्ड्रॉइडमध्ये त्या ॲपच्या माहितीत Battery मध्ये जाऊन Unrestricted करायचं आणि फोन चार्जिंगला, विमान मोडवर. टायमर मी काढून टाकला, रात्रभर अगदी हळू चालू. काहींना टायमर चालतो, मला तो सन्नाटा चालत नाही. यांना पावसाची सवय व्हायला चार रात्री लागल्या, आता मी माहेरी गेले की हे म्हणतात पाऊस नसला की झोप येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. काही ॲपमध्ये आपली किर्र शोधायला टोन जनरेटर असतो. मी पहिल्या आठवड्यात इअरफोन लावून ते केलं, ४००० च्या आसपास मला कमी ऐकू येतं म्हणून मी आवाज वाढवत गेले, म्हणजे नेमक्या दुखावलेल्या पेशींवर जोर. घरी करू नका, ऑडिओलॉजिस्टकडे करा, त्यांच्याकडे जोर मोजलेला असतो.

किती जोरात ऐकत होते याचा हिशोब नंतर लावला. भावाच्या आयफोनवर त्याचे इअरबड्स लावून तीच हळदीची फाइल फुलवर वाजवली, हेल्थ ॲपमध्ये ९८ डेसिबल दिसलं. माझे इअरफोन वेगळे, म्हणजे हा अंदाजच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, असं करत ९८ ला पोचलं की आठवड्याला जेमतेम ३७ मिनिटं उरतात. मी एका रात्रीत चार तास ऐकलं होतं. शिवाय रोज डोंबिवली-घाटकोपर जाता-येता, फास्ट लोकलच्या दारात, गाडीच्या आवाजावर मात करायला वाढवलेला व्हॉल्यूम. आता एडिट स्पीकरवर करते, रात्रीचं काम घेत नाही. लोकलमध्ये कानाला काही नाही, अगदी लावलंच तर घरातल्या शांततेत जो व्हॉल्यूम ठरवला तोच, गाडीत वाढवायचा नाही, ऐकू आलं नाही तर बंद.

पैशाचं सांगायचं तर सगळं मिळून चार हजारांच्या आसपास गेले, त्यात पहिल्या फुकट गेलेल्या टेस्टचे १,३००. माझ्या मेडिक्लेममध्ये ॲडमिट न होता केलेलं बसत नाही. ऑफिसची ओपीडीसाठी वेगळी रक्कम आहे, तिथे टाकलं तर पहिल्यांदा परत आलं, कारण सेंटरच्या बिलावर नुसतं टेस्ट चार्जेस लिहिलेलं. टेस्टचं पूर्ण नाव, तारीख आणि डॉक्टरची चिठ्ठी त्याच तारखेच्या आधीची, हे तिन्ही लागतं. बिल बदलून आणायला दोन शनिवार गेले, १७ एप्रिलला पैसे जमा झाले.

सुधारणा कधी झाली असं विचाराल तर एक दिवस दाखवता येत नाही. मार्च अखेरीला झोप पाच तासांवर आली. एप्रिलमध्ये एकदा जेवण करून भांडी आवरून झोपायला गेले तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळपासून मला किर्रची आठवणच झाली नव्हती, आठवण झाली त्या क्षणी ती होतीच, तशीच. मध्ये मे महिन्यात दोन रात्री जागरण झालं आणि ती परत वर आली, तीन दिवस फार घाबरले, मग बसली. झोप कमी, टेन्शन जास्त की ती वर येते, हे आता ओळखीचं झालंय. दिवसा ॲप लावत नाही, पंखा आणि रस्त्याचा आवाज पुरतो.

११ जूनला परत तपासणी. ४००० वरचा खड्डा तिथेच, उजवा ३५, डावा ३०. मॅडम म्हणाल्या भरला नाही पण खोल पण झाला नाही, हेच बघायचं होतं. पंचवीस प्रश्नांच्या फॉर्मचे गुण ५२ वरून २४. पुढची टेस्ट वर्षाने, आणि मधे कधी एकाच कानाचं ऐकणं पडलं किंवा आवाज एकाच बाजूला गेला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, असं केसपेपरवर लाल पेनने लिहून दिलंय.

सगळे रिपोर्ट, फॉर्म आणि केसपेपर एकाच प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवलेत. आत्ता रात्रीचे पावणेअकरा, पंखा एकवर आहे, फोन खिडकीच्या कट्ट्यावर, पाऊस दोन घरांवर. मार्चमध्ये तो पाच घरांवर लागायचा.